दोन बँका, एक रेघ

बँकेचा शेअर घ्यायचं एकदा ठरलं की बहुतेक मराठी घरांत चर्चा दोन नावांपाशी येऊन अडते. एचडीएफसी बँक घ्यावी की आयसीआयसीआय बँक? दोघींचा जन्म १९९४चा, खासगी बँकांना परवानगी मिळाल्यानंतरच्या पहिल्या लाटेतला. दोघींची मुख्यालयं मुंबईत. दोघी गृहकर्ज देतात, वाहनकर्ज देतात, क्रेडिट कार्ड विकतात, लहानमोठ्या उद्योगांना पैसा पुरवतात. रिझर्व्ह बँकेने व्याजदर बदलला की झळ दोघींना लागते. निफ्टीतल्या सर्वांत वजनदार शेअरांतही दोघींची नावं वरच असतात. इतक्या सारख्या दोघींतून एक निवडायची तर कशाच्या आधारावर?

सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर असं, की ज्याचा भाव कमी तो स्वस्त. हे उत्तर टाकाऊ आहे. एका शेअरचा भाव कंपनीने आपल्या भांडवलाचे किती तुकडे केले आहेत यावर ठरतो. एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२५मध्ये एकास एक बोनस दिला तेव्हा तिचा भाव एका रात्रीत निम्मा झाला, पण बँक निम्मी झाली नाही आणि स्वस्तही झाली नाही. दुसरं उत्तर असतं दोघींचे ताळेबंद शेजारी ठेवून वाचण्याचं. ते चांगलं आहे, पण कष्टाचं. शिवाय ताळेबंद तिमाहीतून एकदा येतो आणि बाजाराला त्यातलं बरंचसं आधीच कळलेलं असतं.

तिसरी एक साधी पद्धत आहे. एका बँकेच्या भावाला दुसरीच्या भावाने भागायचं आणि त्या भागाकाराची रेघ काढायची. यालाच रेशो चार्ट म्हणतात. आयसीआयसीआय वर आणि एचडीएफसी खाली ठेवली, तर रेघ चढताना आयसीआयसीआय सरस ठरते आहे आणि उतरताना एचडीएफसी. रेघ आडवी असेल तर दोघी बरोबरीने चालल्या आहेत. मग त्या बरोबरीने वर जात असोत वा खाली.

भागाकाराचा मोठा फायदा म्हणजे दोघींना समान असलेलं सगळं त्यातून निघून जातं. निवडणुकीचा निकाल लागला, परदेशी संस्थांनी विक्री काढली, तेल महागलं, रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी केला, तर दोन्ही भाव साधारण एकाच दिशेला हलतात आणि भागाकार जागच्या जागी राहतो. उरतो तो फक्त दोघींमधला फरक. आपला प्रश्नही तेवढाच होता.

हा चार्ट काढायला कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. ट्रेडिंगव्ह्यूसारख्या चार्ट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर शेअरचं नाव लिहायच्या चौकटीत दोन्ही चिन्हं भागाकाराच्या खुणेसह लिहायची:

```
NSE:ICICIBANK/NSE:HDFCBANK
```

त्यानंतर दैनंदिनऐवजी साप्ताहिक चार्ट निवडायचा आणि त्यावर चाळीस आठवड्यांची सरासरी लावायची. चाळीस आठवडे म्हणजे साधारण दोनशे व्यवहाराचे दिवस. ज्यांना हे नको त्यांनी स्प्रेडशीटमध्ये दर शुक्रवारचे दोन बंद भाव दोन रकान्यांत लिहावेत आणि तिसऱ्यात भागाकार करावा. वर्षाला बावन्न ओळी होतात.

आता या रेघेने गेल्या काही वर्षांत काय सांगितलं ते पाहू. पुढचे सगळे आकडे आजच्या चार्टवर दिसतात तसे, म्हणजे एचडीएफसी बँकेचे २०१९चं विभाजन आणि २०२५चा बोनस धरून घेतलेले आणि गोळाबेरीज केलेले आहेत. लाभांश त्यात नाही.

२०१८च्या मध्यावर हा भागाकार जेमतेम ०.५ होता. आयसीआयसीआय बँकेचे ते वाईट दिवस होते. मार्च २०१८अखेर तिची सकल थकीत कर्जं एकूण कर्जांच्या ८.८४ टक्के होती आणि तेव्हाच्या मुख्याधिकारी चंदा कोचर यांच्याविषयीची चौकशी गाजत होती. दुसरीकडे एचडीएफसी बँक म्हणजे थकीत कर्जं एक-दीड टक्क्याच्या आसपास, नफ्यात दर वर्षी ठरल्यासारखी वाढ आणि सुरुवातीपासून एकच नेतृत्व, आदित्य पुरी. बाजार तिला पुस्तकी मूल्याच्या कितीतरी पट भाव देत होता.

ऑक्टोबर २०१८मध्ये आयसीआयसीआयची सूत्रं संदीप बक्षी यांच्याकडे गेली. रेघ वळली आणि २०१९च्या अखेरीस ०.८५पर्यंत आली. मग करोना आला. घाबरलेल्या बाजाराने दोघींतली जास्त भरवशाची बँक धरून ठेवली आणि भागाकार घसरून २०२०च्या मध्यावर ०.६६च्या आसपास रेंगाळू लागला. ऑक्टोबर २०२०अखेर पुरी निवृत्त झाले आणि शशिधर जगदीशन आले. डिसेंबरच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेने वारंवार कोलमडणाऱ्या डिजिटल सेवांवरून एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डं देण्यास आणि नव्या डिजिटल योजना सुरू करण्यास मनाई केली. त्याच महिन्याच्या सुमारास रेघ चाळीस आठवड्यांच्या सरासरीच्या वर गेली आणि वर्ष संपताना ०.७५च्या जवळ होती. पुढच्या वर्षाच्या शेवटी ती १वर होती, २०२२अखेर १.०९, २०२३अखेर १.१७ आणि २०२४अखेर १.४५.

याचा पैशातला अर्थ लावू. २०२०च्या शेवटच्या दिवशी आयसीआयसीआयचा भाव ५३५ रुपयांच्या आसपास होता आणि २०२४च्या शेवटच्या दिवशी १,२८२च्या. म्हणजे लाखाचे दोन लाख चाळीस हजार झाले. याच काळात एचडीएफसी बँकेचा भाव आजच्या हिशोबाने ७१८वरून ८८६वर गेला, म्हणजे लाखाचे एक लाख तेवीस हजार. २.४०ला १.२३ने भागा, उत्तर येतं १.९५. भागाकाराची रेघ ०.७५वरून १.४५वर गेली, तीही जवळपास तितकेच पट. रेघ जेवढे पट चढते, तेवढे पट वरच्या बँकेतला पैसा खालच्या बँकेतल्या पैशापेक्षा जास्त होतो. या चार्टमागचं गणित एवढंच आहे.

एक गोष्ट वाचकाने ध्यानात घ्यावी. भागाकार १ झाला, म्हणजे दोन्ही भाव सारखे झाले, याला काडीचाही अर्थ नाही. बोनसआधी हाच आकडा ०.५ दिसत होता. कुठल्या पातळीवर रेघ आहे हे महत्त्वाचं नसतं. ती कुठून कुठे चालली आहे, तेवढंच वाचायचं.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. खरी गफलत पुढे होते. एकाच रेघेकडे पाहून दोन माणसं अगदी उलटे निष्कर्ष काढतात आणि दोघांनाही आपण ‘पेअर’ खेळतो आहोत असं वाटतं.

पेअर ट्रेडिंग हा प्रकार नावारूपाला आला तो १९८०च्या दशकात, न्यूयॉर्कच्या मॉर्गन स्टॅन्ली या संस्थेत. तिथल्या मंडळींचा विचार असा होता, की सारखा धंदा असलेल्या दोन कंपन्यांचे भाव एकमेकांच्या आगेमागे चालतात. कधी अंतर वाढलं तर ते आज ना उद्या कमी होणार. म्हणून पुढे गेलेला विकायचा, मागे पडलेला विकत घ्यायचा आणि अंतर मिटलं की दोन्ही सौदे बंद करायचे. म्हणजे रेघ ताणली गेली की ती परत येईल यावर पैज. या पद्धतीत कमकुवत शेअर विकत घेतला जातो.

आपला विषय त्याच्या नेमका उलट आहे. इथे सबळ शेअर निवडायचा आहे. पैज आहे ती रेघ चालू दिशेतच आणखी काही काळ जाईल यावर. रेघ तीच, भागाकार तोच, पण एक जण चढलेली रेघ पाहून म्हणतो ‘आता उतरेल’ आणि दुसरा म्हणतो ‘चढतेय, चढू दे’. सकाळी पहिला आणि दुपारी दुसरा होणारे लोक पुष्कळ असतात, आणि पैसे मुख्यतः त्यांचेच जातात. दोन्ही विचारांना आपापली जागा आहे. पण आपण यांपैकी कोण, हे चार्ट उघडण्याआधी ठरलेलं असायला हवं.

परत येण्यावर पैज लावणाऱ्याचं या जोडीत काय झालं असतं ते पाहा. २०२१च्या मध्यावर त्याने मागच्या तीन वर्षांची सरासरी काढली असती, तर ती ०.७च्या घरात आली असती. रेघ त्याहून बरीच वर दिसली म्हणून त्याने आयसीआयसीआय विकून एचडीएफसी घेतली असती आणि अंतर मिटायची वाट पाहत बसला असता. ते मिटलंच नाही. कारण ती जुनी सरासरी एका वेगळ्या आयसीआयसीआयची होती. तिची थकीत कर्जं वर्षागणिक कमी होत गेली आणि मार्च २०२५अखेर १.६७ टक्क्यांवर आली. बँक बदलली होती, त्यामुळे दोघींमधलं ‘योग्य’ अंतरही बदललं होतं. चार्टला सरासरी काढता येते, पण ती अजून लागू आहे की नाही हे त्याला सांगता येत नाही.

याहून कठोर उदाहरण येस बँकेचं. ऑगस्ट २०१८मध्ये चारशे रुपयांजवळ असलेला तो शेअर रिझर्व्ह बँकेने राणा कपूर यांचा कार्यकाळ आखडता घेतल्यावर कोसळू लागला. आयसीआयसीआय किंवा कोटक बँकेशी त्याचा भागाकार काढला तर पुढच्या दीड वर्षात रेघ खूप खाली आलेली दिसते. वाटेत प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘इतका पडला, आता सुधारेल’ म्हणून तो घेतच होतं. मार्च २०२०मध्ये त्या बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आले. दोन बँकांतली दरी वाढत जाते तेव्हा ती उगाच वाढते आहे असं मानण्याआधी, बाजाराला आपल्याहून जास्त काही कळलंय का, हा प्रश्न विचारायला हवा. सामान्य गुंतवणूकदाराकडे त्याचं उत्तर बहुधा नसतं. म्हणून त्याने परतीच्या पैजेपासून दूर राहावं आणि सबळ बाजू धरावी, असं माझं मत आहे.

शिवाय परतीचा खेळ नीट खेळायला एक शेअर घेणं आणि त्याच वेळी दुसरा विकणं लागतं. आपल्याकडे रोखीच्या बाजारात हातात नसलेला शेअर विकला तर तो त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. आठवडेच्या आठवडे विक्री धरून ठेवायची तर फ्युचर्समध्ये जावं लागतं. तिथे एका लॉटची किंमत लाखांत, दोन बँकांचे लॉट वेगवेगळ्या आकाराचे, वर मार्जिन आणि दर महिन्याला सौदा पुढे ढकलण्याचा खर्च. घर चालवून महिन्याला दहा-वीस हजार बाजूला टाकणाऱ्याचं ते काम नाही.

सबळ बाजू धरायची म्हणजे नेमकं काय करायचं? साधा नियम पुरतो. आठवडा बंद होताना रेघ चाळीस आठवड्यांच्या सरासरीच्या वर असेल आणि ती सरासरी स्वतःही चढत असेल, तर वरची बँक सबळ. रेघ सरासरीखाली आणि सरासरी उतरती असेल, तर खालची. दोन्ही अटी जुळत नसतील, तर निर्णय नाही. ही तिसरी शक्यता लोकांना आवडत नाही, पण ती वारंवार येते.

आठवड्याच्या बंद भावाचा आग्रह का, ते एप्रिल २०२२ने दाखवून दिलं. ४ एप्रिलला एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन होणार अशी घोषणा झाली आणि बँकेचा शेअर एका दिवसात दहा टक्क्यांच्या आसपास उसळला. भागाकार त्या दिवशी धाडकन खाली आला. रोजची रेघ पाहून निर्णय घेणाऱ्याला आयसीआयसीआयचं राज्य संपलं असं वाटलं असतं. तीन आठवडे व्हायच्या आत एचडीएफसी बँकेचा भाव घोषणेपूर्वीच्या पातळीच्याही खाली गेला होता. एका बातमीचा धक्का आणि दिशेतला बदल यांत फरक करायला थोडे आठवडे लागतातच.

उलट जानेवारी २०२४मध्ये धक्का दिशेच्याच बाजूने आला. तिमाही निकालानंतर १७ जानेवारीला एचडीएफसी बँकेचा शेअर आठ टक्क्यांहून अधिक पडला. विलीनीकरणामुळे गृहकर्जांचा डोंगर अंगावर आला होता आणि त्याच्या तुलनेत ठेवी नव्हत्या, हे त्या निकालात बाजाराला नीट दिसलं. शंभर रुपयांच्या ठेवीमागे एकशे दहाच्या आसपास कर्ज असं प्रमाण झालं होतं. त्या दिवशी आयसीआयसीआयही पडली, पण खूपच कमी, आणि रेघ एका दिवसात पाच-सहा टक्के चढली. ज्यांनी सरासरीच्या वरची बँक धरली होती, त्यांना काहीच करावं लागलं नाही.

रेघेतून दिसत नाही अशी एक गोष्ट आहे. ती चढली, तर वरची बँक जोरात आहे म्हणून, की खालची ढेपाळली म्हणून? शेजारच्या रुळावरची लोकल मागे जाताना दिसते तेव्हा आपली गाडी सुटली की तिची, हे कळायला फलाटाकडे पाहावं लागतं. इथे फलाटाचं काम बँक निफ्टी करते. `NSE:ICICIBANK/NSE:BANKNIFTY` आणि `NSE:HDFCBANK/NSE:BANKNIFTY` असे आणखी दोन चार्ट काढायचे. २०२०च्या अखेरीपासून २०२४च्या अखेरीपर्यंत बँक निफ्टी साधारण १.६ पट झाला. आयसीआयसीआय २.४ पट, एचडीएफसी १.२३ पट. म्हणजे या चार वर्षांत एक बँक निफ्टीच्या पुढे होती आणि दुसरी मागे. हे सर्वांत चांगलं चित्र. पण दोघीही बँक निफ्टीच्या मागे असतील, तर त्यांतली ‘सबळ’ निवडून हाती फार काही लागत नाही. तेव्हा बँक निफ्टीचा साधा इंडेक्स फंडही बरा.

सबळ म्हणजे सुरक्षित, असाही समज करून घेऊ नये. करोनाच्या पडझडीत, २०१९अखेर ते २३ मार्च २०२० या काळात, एचडीएफसी बँक सुमारे चाळीस टक्के पडली आणि आयसीआयसीआय पंचेचाळीसच्याही वर. रेघेने एचडीएफसीला सबळ ठरवलं आणि ते बरोबरच होतं. तरी ती घेणाऱ्याचा लाख रुपयाचा साठ हजार झाला होता. भागाकारातून बाजाराची दिशा मुद्दाम काढून टाकलेली असते. त्यामुळे बाजारात आता शिरावं का, या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

आता चार्टच खोटं बोलतो तो प्रसंग. एचडीएफसी बँकेच्या बोनसची रेकॉर्ड तारीख २७ ऑगस्ट २०२५ होती. त्या दिवशी गणेश चतुर्थीमुळे बाजार बंद होता, म्हणून भाव २६ तारखेलाच निम्मा होऊन उघडला. जुने भाव दुरुस्त न करणाऱ्या पत्रकात भागाकार एका दिवसात ०.७३च्या आसपासवरून १.४६वर गेलेला दिसतो. आयसीआयसीआय एका रात्रीत दुप्पट सबळ झाली असा त्याचा अर्थ होईल, जो हास्यास्पद आहे. घरी स्प्रेडशीट ठेवणाऱ्यांना हा घोळ हमखास भेटतो. खूण सोपी आहे. रेघ एका दिवसात दुप्पट, निम्मी किंवा अशाच एखाद्या सरळ प्रमाणात उडी मारत असेल, तर आधी बोनस किंवा विभाजन झालं का ते पाहायचं आणि मागचे सगळे भाव त्याच प्रमाणात बदलायचे. लाभांशाचा फरक बारीक असतो, पण काही संकेतस्थळं तोही वजा करतात, काही करत नाहीत. म्हणून दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. एकच जागा धरावी.

आणखी एक बदल असतो जो कुठलीही दुरुस्ती करून जात नाही. १ जुलै २०२३ला विलीनीकरण प्रत्यक्षात आलं. त्याआधी आयसीआयसीआय बँकेच्या भावात तिच्या विमा आणि म्युच्युअल फंड कंपन्यांची किंमत सामावलेली होती. एचडीएफसी समूहाच्या तशा कंपन्या मात्र बँकेच्या नव्हे, एचडीएफसी लिमिटेडच्या पोटात होत्या. विलीनीकरणानंतर एचडीएफसी लाइफ, एचडीएफसी एएमसी, एचडीएफसी अर्गो यांची मालकी बँकेकडे आली, आणि सोबत गृहकर्जांचा तो डोंगरही. जोडी एका अर्थाने जास्त सारखी झाली, पण तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची रेघ एकाच बँकेची राहिली नाही. २०१५पासूनची सरासरी काढून २०२६चा निर्णय घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. म्हणूनच जोडी निवडताना धंदा, मालकी आणि आकार तिन्ही सारखे आहेत ना हे पाहावं. आयसीआयसीआयला स्टेट बँकेने भागलं तर त्या रेघेत सरकारी बँकांविषयीचं बाजाराचं मतही येऊन बसतं, आणि मग नेमकं काय मोजलं ते सांगता येत नाही.

मधली दोन वर्षं मी मुद्दाम एका वाक्यात उरकली होती. २०२२च्या मध्यापासून २०२३च्या अखेरीपर्यंत भागाकार एका पट्ट्यात वरखाली होत राहिला. अशा काळात रेघ सरासरीच्या कधी वर, कधी खाली जाते आणि नियम पाळणारा माणूस एका बँकेतून दुसरीत उड्या मारत बसतो. इथे करांचा हिशोब मांडायला हवा. समजा लाखाला घेतलेले शेअर आठ महिन्यांत एक लाख तीस हजारांचे झाले आणि रेघ फिरली म्हणून विकले. वर्षाच्या आतल्या तीस हजार नफ्यावर वीस टक्के, म्हणजे सहा हजार कर. डिलिव्हरीच्या खरेदीला आणि विक्रीला प्रत्येकी ०.१ टक्का व्यवहार कर, वर मुद्रांक शुल्क आणि ब्रोकरचे आकार मिळून तीनेकशे. दुसऱ्या बँकेत गेले ते एक लाख चोवीस हजारांच्या आत. म्हणजे नव्या बँकेने जुनीपेक्षा पाच टक्के जास्त कमावले, तेव्हा कुठे आपण जागच्या जागी आलो. विकायचा कर कधीतरी भरावाच लागणार होता हे खरं. पण वर्ष उलटल्यावर तो साडेबारा टक्के असतो आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर लागतच नाही. अशा पट्ट्यात उड्या मारून पाच टक्क्यांची फी कोण भरेल?

त्यामुळे हा चार्ट हातातले शेअर विकण्यासाठी क्वचित वापरावा आणि नवे पैसे कुठे टाकायचे हे ठरवायला नेहमी, असं मला वाटतं. ज्याच्याकडे दोन्ही बँका आहेत त्याने या महिन्याचे दहा हजार सबळ बाजूला टाकावेत. रेघ फिरली तर पुढचे दहा हजार दुसरीकडे. काही विकायचं नाही, त्यामुळे कर नाही, आणि चूक झालीच तर ती एका महिन्याच्या रकमेपुरती. हातातला शेअर बदलायचाच असेल तर रेघ सरासरीच्या दुसऱ्या बाजूला किमान चार आठवडे बंद झालेली असावी, आणि बदलामागचं कारण ताळेबंदातही सापडायला हवं. थकीत कर्जं, ठेवींची वाढ, व्याजातली कमाई यांपैकी कशात फरक पडला, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

रेघ कायमची एका दिशेला जात नाही, हेही याच जोडीत दिसलं. २०२०च्या मध्यावर पुस्तकी मूल्याच्या दुप्पटीच्या आसपास असलेली आयसीआयसीआय २०२५पर्यंत त्याच मोजमापाने एचडीएफसी बँकेपेक्षा महाग झाली होती. तिच्या सरशीतला एक भाग धंद्यातल्या सुधारणेचा होता आणि एक भाग बाजाराने तिला जास्त भाव द्यायला सुरुवात केल्याचा. हा दुसरा भाग पुन्हा पुन्हा मिळत नाही. २०२५च्या पूर्वार्धात भागाकार १.४५च्या आसपास थबकला आणि ऑक्टोबरच्या सुमारास चाळीस आठवड्यांच्या सरासरीखाली उतरला. वर्ष संपताना तो १.३५च्या जवळ होता. जवळपास पाच वर्षं एका बाजूला कललेल्या तराजूने दुसरीकडे झुकायची खूण दिली. ती पुढे टिकते का, की २०२२सारखी पट्ट्यात अडकते, हे येणारे शुक्रवार सांगतील.

हा लेख यांपैकी कुठलाही शेअर घ्या किंवा विका असं सांगत नाही. ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी शेअर घेण्याआधी एक कागद घ्यावा. त्यावर त्या दिवसाचा भागाकार, चाळीस आठवड्यांची सरासरी, निवडलेली बँक आणि कुठल्या पातळीला आपण चुकलो असं मानणार तो आकडा लिहून तारीख टाकावी. सहा महिने नुसता कागद भरा, पैसे टाकू नका. नियम आपल्याला पाळता येतो की नाही, हे तेवढ्यात कळतं.